सत्तावीस नंबरची विहीर

पुनम चौधरीला गटप्रमुख कुणी केलं, असं विचारलं तर खरं उत्तर एवढंच की बाकीच्या तिघांनी माना खाली घातल्या होत्या आणि तिची वर होती. जळगावच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाचे गट हजेरीपटावरून पाडले गेले. पुनमच्या वाट्याला आले अखिल, चेलना आणि नवल. गाइड होते देवरे सर. सर मूळचे धुळ्याचे. आठ गटांचं ओझं त्यांच्या डोक्यावर होतं आणि पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "आपसातली भांडणं माझ्या केबिनमध्ये आणायची नाहीत. गटप्रमुख कशाला असतो मग?"

पुनम यावलची. तिचे वडील चुडामण चौधरी एसटीत कंडक्टर. गावात आणि बसमध्ये सगळे त्यांना नाना म्हणत, आणि मुलगीही नानाच म्हणायची. चार वर्षं ती पिंप्राळ्यात मावशीकडे राहून शिकत होती. मावशीची जुनी स्कूटर, खिडकीखालचं एक टेबल आणि जे काम हातात घेतलं ते आपल्याच पद्धतीनं व्हावं हा हट्ट, एवढी तिची इस्टेट. आपल्याला हा हट्ट वाटत नाही, नीटनेटकेपणा वाटतो, असं ती म्हणायची.

प्रोजेक्टचा विषय तिनंच निवडला होता. नशिराबादच्या आसपासच्या पाच गावांतल्या चाळीस विहिरींची पाणीपातळी दोनदा मोजायची. एकदा पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात आणि एकदा मार्चात. मधल्या पाच महिन्यांत पाणी किती उतरलं ते नकाशावर दाखवायचं. काम अवघड नव्हतं, पण उन्हातलं होतं. विहिरीच्या कठड्यावरून वजन बांधलेला टेप खाली सोडायचा, पाण्याला टेकला की आकडा वाचायचा, त्यातून कठड्याची उंची वजा करायची आणि जमिनीपासून पाणी किती खोल आहे ते तक्त्यात लिहायचं.

वाटणी करताना तिनं एक कागद घेतला आणि चौघांच्या नावापुढे दहा-दहा विहिरी लिहिल्या.

"मी उन्हात नाही फिरणार," चेलना लगेच म्हणाली. तिच्या घरी सराफी दुकान होतं आणि डिसेंबरात बहिणीचं लग्न. "मी रिपोर्ट लिहिते पूर्ण. माझं इंग्लिश चांगलंय."

"बरं. तुझ्या दहा मी करते."

"माझ्या दहा मीच ठरवतो," अखिल म्हणाला. त्याचे वडील लालचंदशेठ सिमेंट-सळईचे व्यापारी. पाचही गावांतली घरं त्यांच्या मालावर उभी होती. "तिकडे पप्पांची ओळख आहे. ग्रामपंचायतीतून विहिरींची यादी आणतो."

नवल वाटणीचा कागद बघत होता. तो नशिराबादचाच. फक्त उठताना म्हणाला, "मीटिंग पाचला नको ठेवू. मला पाचला जमत नाही."

"बघू," पुनम म्हणाली, आणि विसरली.

ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली. पुनमनं स्वतःच्या दहा आणि चेलनाच्या दहा अशा वीस विहिरी मोजल्या. नवलनं एका वहीचं पान फाडून दिलं, पेन्सिलीनं लिहिलेलं, कोपऱ्याला दुधाचा डाग पडलेला. अखिलचे आकडे फोनवर आले, टाइप केलेले, सुबक. विहिरीजवळ उभं राहून फोटो काढायचा आणि त्यावर ठिकाण-तारखेची पट्टी उमटलेली हवी, असा नियम पुनमनं घातला होता. अखिलच्या फोटोंवर ती पट्टी नव्हती. "सेटिंग राहिली," तो म्हणाला. पुनमनं मान डोलावली. तिला तेव्हा वीस विहिरींची नोंद प्रोजेक्टच्या डायरीत चढवायची होती.

मीटिंगा तिनं पाचलाच ठेवल्या, कारण लायब्ररीतलं मोठं टेबल पाचनंतर रिकामं व्हायचं. अखिल दहा मिनिटं येऊन चहाला निघून जायचा. चेलना लग्नामुळे डिसेंबरभर आलीच नाही. नवल एकदाही आला नाही. पुनमच्या मनात तिघंही एकाच रांगेत उभे राहिले. कामचुकार नंबर एक, दोन, तीन.

जानेवारीत चेलनाचं पहिलं प्रकरण आलं. पुनमनं ते तपासायला टाकलं तर शेकडा बासष्ट मजकूर इंटरनेटवरून जसाच्या तसा उचललेला निघाला. त्यात एका ठिकाणी 'आमचा केनियातील जिल्हा' असंही होतं.

"बदल ना मग थोडे शब्द," चेलना फोनवर म्हणाली. "प्रमुख तू आहेस."

पुनमनं शब्द बदलले नाहीत. सबंध प्रकरण नव्यानं लिहिलं. आतून धुमसत लिहिलं. देवरे सरांकडे जाऊन 'कामं करत नाहीत' एवढंच म्हणाली, त्यांनी 'आपसात मिटवा' म्हणून परत पाठवलं; प्रकरण आपण लिहिलं हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. आपण केलेलं काम लोकांना आपोआप दिसतं, अशी तिची समजूत होती.

मार्चातले आकडे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हातात आले. सबमिशनला तीन आठवडे होते. तिनं चाळीसच्या चाळीस विहिरी एका तक्त्यात चढवल्या. नवलच्या कागदावर आकड्यांपुढे बारीक अक्षरात काहीबाही खरडलेलं होतं. तो रकाना तिनं घेतला नाही. बाकीच्यांचा नव्हता, तक्ता वाकडा दिसला असता. मग आलेख काढला. अखिलच्या विहिरी रांगेत शिस्तीत उतरत गेल्या होत्या, बघत राहावं अशा. नवलच्या विहिरींनी मात्र आलेखाचा पार विचका केला होता. कुठे पाणी दीड मीटर उतरलेलं, कुठे साडेपाच. आणि चौदा नंबरच्या विहिरीत तर ऑक्टोबरात पाणी सहा मीटर दहावर, मार्चात चार मीटर पंच्याऐंशीवर. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी वर आलेलं!

तिचं डोकं सणकलं. वर्षभराचा राग एका माणसावर निघायला जागा मिळाली. शनिवारी दुपारी तिनं गटाच्या व्हॉट्सॲपवर लिहिलं, "नवल, मीटिंगला यायचं नाही, फोन उचलायचा नाही आणि आकडे घरी बसून ठोकून द्यायचे. उन्हाळ्यात विहिरीला पाणी चढतं हे तुझ्याच गावात बघितलं. लाज वाटू दे थोडी."

अखिलनं हसण्याचे तीन चेहरे टाकले. चेलनानं अंगठा दाखवला. पाच मिनिटांनी नवल गटातून बाहेर पडला.

रविवारी सकाळी पुनम स्कूटर काढून नशिराबादच्या दिशेनं निघाली. चौदा नंबरच्या विहिरीचा फोटो काढायचा, खरा आकडा घ्यायचा आणि सोमवारी सगळ्यांसमोर नवलच्या तोंडावर मारायचा, एवढंच तिच्या मनात होतं.

विहीर सापडली. काठावर एक काळा पाइप होता आणि त्यातून धो-धो पाणी विहिरीत पडत होतं. शेतमालक तोताराम भाऊ बांधावर बसले होते.

"हे पाणी कुठलं, भाऊ?"

"वरच्या बोअरचं. बोअर हळू चालते ना, म्हणून आधी विहिरीत साठवतो आणि मग ठिबकला देतो. महाशिवरात्रीपासून चालू आहे." मग त्यांनी तिच्या हातातल्या टेपकडे पाहिलं. "तो दूध केंद्रावरचा नवल आला होता ना मोजायला. त्यानं लिहून घेतलं हे सगळं. दोनदा विचारलं, बोअर किती तास चालते म्हणून."

पुनमनं पिशवीतून नवलचं पान काढलं. चौदा नंबरपुढे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: 'बोअरचं पाणी सोडतात. ही विहीर हिशोबात धरू नये.'

ती तशीच बांधावर बसली. एप्रिलचं ऊन डोक्यावर चढत होतं. तिनं फोन उघडला आणि प्रत्येक विहिरीच्या दोन आकड्यांमधला फरक काढत गेली. हे खरं तर शनिवारीच करायला हवं होतं. तिच्या स्वतःच्या वीस विहिरींचे फरक निरनिराळे. नवलचे निरनिराळे. अखिलच्या दहाही विहिरींचा फरक मात्र तीन मीटर सत्तर. एकवीसचा तीन सत्तर, बावीसचा तीन सत्तर, शेवटपर्यंत तीन सत्तर. म्हणूनच तो आलेख इतका देखणा दिसत होता.

अखिलची सत्तावीस नंबरची विहीर तिथून चार किलोमीटरवर होती. यादीतल्या शेताच्या गट नंबरवरून विचारत विचारत ती पोचली, तर समोर गुरांचा गोठा. वना आबा नावाचे म्हातारे गृहस्थ खाटेवर बसले होते.

"आबा, इथं विहीर आहे ना?"

"व्हती व माय. मांगला उन्हाळामा बुजी टाकी. आते आठे गोठा शे."

"मागच्या उन्हाळ्यातच बुजवली? मग ऑक्टोबरात, मार्चात कुणी मोजायला आलं होतं का?"

"आठे कोनी उना नही. अन् काय मोजतीन? शेन?"

आबा स्वतःच्या विनोदावर खुशीनं हसले. म्हणजे इथं कुणीच आलं नव्हतं. पुनमनं गोठ्याचा फोटो काढला. ठिकाण आणि तारखेची पट्टी नीट उमटली आहे ना, हे दोनदा पाहिलं.

सोमवारी कँटीनमध्ये तिनं तो फोटो अखिलपुढे ठेवला. तो मित्रांच्या घोळक्यात बसला होता.

"ही तुझी सत्तावीस नंबरची विहीर. ऑक्टोबरात चार मीटर वीस, मार्चात सात मीटर नव्वद. कुठे टेप सोडलास? गव्हाणीत?"

घोळका हसला, मग अखिलचा चेहरा पाहून गप्प झाला.

"हळू बोल," अखिल म्हणाला. "एक विहीर चुकली असेल."

"दहाही चुकल्यात. एकसारख्या."

"मग आता काय? तू जाऊन मोज. हौस आहे ना तुला?"

"ऑक्टोबर कुठून आणू मी?"

"मग राहू दे तसंच. एक्सटर्नल काय विहिरीत उतरून बघणार आहे? सगळे असंच करतात. तुझ्या एकटीच्या खरेपणासाठी आम्ही तिघांनी वर्ष घालवायचं का?" मग तो मित्रांकडे वळला. "हिला टॉपर व्हायचंय. त्यासाठी आम्हाला बुडवतेय."

दुपारपर्यंत वर्गात बातमी पसरली की पुनम चौधरी चुगली करायला निघाली आहे. प्रॅक्टिकलला तिच्या टेबलावर कुणी उभं राहिलं नाही.

देवरे सरांनी फोटो पाहिला, तक्ता पाहिला आणि चष्मा काढून कपाळ चोळलं.

"हे मला आता सांगतेस? पंधरा दिवस राहिले असताना?"

"सर, जानेवारीत आले होते मी. तुम्ही म्हणालात आपसात मिटवा."

"तेव्हा तू म्हणालीस, कामं करत नाहीत. आकडे खोटे आहेत असं म्हणाली नव्हतीस. दोन्हींत फरक आहे." त्यांचा आवाज चढला. "डायरीवर दर आठवड्याला माझी सही आहे. 'चाळीस विहिरी मोजल्या' असं तू लिहिलंस, मी सही केली. आता मी काय सांगू विभागात?"

सरांनी तक्ता पुन्हा पुढे ओढला.

"दहा विहिरी काढून टाक," शेवटी सर म्हणाले. "नवलची ती एक पण. एकोणतीस विहिरींवर रिपोर्ट. आणि कुणी काय केलं त्याचा तक्ता शेवटी जोडायचा असतो, त्यावर चौघांच्या सह्या आण. सह्या नसतील तर मी पुढे पाठवणार नाही."

तक्ता तिनं त्याच दिवशी भरला. अखिल: क्षेत्रकाम नाही, दिलेले आकडे वापरण्यायोग्य नाहीत. चेलना: एक प्रकरण दिलं, ते पुन्हा लिहावं लागलं. अखिलनं कागद वाचला आणि परत तिच्या हातात दिला. चेलना रडली. "माझ्या सासरी उद्या कुणी बघितलं तर? तू बाई आहेस की कोण आहेस?" तिचंही लग्न ठरलं होतं, हे पुनमला तेव्हाच कळलं. सही तिनंही केली नाही.

त्या गुरुवारी नानांना लालचंदशेठचा फोन गेला. शुक्रवारी पुनम यावलच्या बसला बसली तेव्हा गाडीवर नानाच होते. भुसावळला गाडी थोडी रिकामी झाली तसे ते शेजारच्या सीटवर टेकले.

"शेठ बोलले. गोड बोलले. म्हणे पोरांचं भांडण आहे, पोरीला समजवा."

"मग?"

"मी म्हटलं, विचारतो. आता विचारतोय. त्यानं मोजल्या नाहीत, हे नक्की?"

"नक्की, नाना."

"आणि तो दुसरा, नशिराबादचा? त्यालाही तू आधी असंच म्हणाली होतीस, असं शेठ सांगत होते."

पुनम खिडकीबाहेर बघू लागली. केळीच्या बागा मागे पडत होत्या. तिनं नानांना सगळं सांगितलं, व्हॉट्सॲपवर लिहिलेलं सुद्धा, शब्द न शब्द.

नानांनी तिकीट मशीन मांडीवर ठेवलं. "बिगर तिकिटाचा म्हणून मी एकदा एका म्हाताऱ्याला भर रस्त्यात उतरवलं होतं. तिकीट त्याच्या टोपीत होतं. पुढच्या थांब्यावर त्याला घ्यायला आलेल्या त्याच्या बायकोनं ओरडून सांगितलं, तिकीट ते टोपीतच ठेवतात. गाडी मागे नेता येत नाही ना." एवढं बोलून ते उठले आणि पुढच्या प्रवाशांकडे गेले. शेठना काय उत्तर दिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण फोन पुन्हा आला नाही.

सोमवारी संध्याकाळी पाचला पुनम नशिराबादच्या दूध केंद्रावर गेली. नवल कॅनमधून दुधाचा नमुना काढत होता. समोर पंधरा-वीस माणसं बरण्या घेऊन रांगेत. त्यानं तिला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. अर्धा तास ती उभी राहिली.

"बोल," रांग संपल्यावर तो म्हणाला.

"माझं चुकलं. मी चौदा नंबर बघून आले. तुझा शेरा मी घेतलाच नव्हता."

"माहितेय. तोताराम भाऊ सांगत होते, आली होती म्हणून. आठ दिवस झाले त्याला."

"तू सांगितलं का नाहीस कधी, की तू इथं काम करतोस?"

नवलनं कॅनचं झाकण जोरात बसवलं. "पाचला जमत नाही म्हणालो होतो. पहिल्याच दिवशी. का जमत नाही ते तू विचारलंस? बापाचा हात मळणी यंत्रात गेला तेव्हापासून दोन्ही वेळा मीच उभा राहतो इथं. मग सकाळचं दूध झालं की तुझ्या विहिरी. माझ्या गावात माझ्या वर्गातल्या पोरांनी तो मेसेज एकमेकांना पाठवला. लाज वाटू दे म्हणे."

"मी ग्रुपवर माफी मागते."

"माग नाहीतर नको मागू. मला काय करायचंय?" त्यानं हात पुढे केला. "तक्ता आण."

त्यानं तो उभ्या उभ्या वाचला. "शेऱ्यांचा रकाना परत घाल. माझ्या विहिरींखाली माझं नाव घाल. आणि तुझ्या नावापुढे फक्त चांगलंच लिहिलंयस. तू शेरे गाळलेस, ऑक्टोबरात अखिलचे फोटो न बघता चालवून घेतलेस, ते कोण लिहिणार?"

पुनमला राग आला. पार तळव्यापासून आला. आपण वीस विहिरी मोजल्या, दुसऱ्याचं प्रकरण लिहिलं, आणि हा आपल्याला शिकवतोय! तिनं पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग दूध केंद्राच्या ओल्या ओट्यावर कागद टेकून तिनं स्वतःच्या नावापुढे लिहिलं: 'सदस्याचे शेरे गाळले. ऑक्टोबरमधील नोंदी न पडताळता स्वीकारल्या.' नवलनं वाचून सही केली आणि पुढचा कॅन ओढला. तिला चहा विचारला नाही.

देवरे सरांनी तो कागद उलटून पाहिला. दोनच सह्या होत्या. शेवटी त्यांनी खाली स्वतःच्या अक्षरात 'दोन सदस्यांनी सही करण्यास नकार दिला' असं लिहून सही ठोकली. "जा," म्हणाले, "आणि एक्सटर्नलसमोर रडू नकोस."

तोंडी परीक्षेला आलेल्या एक्सटर्नल धुळ्याच्या कॉलेजच्या मॅडम होत्या. त्यांनी स्लाइड निम्म्यावर थांबवल्या आणि शेवटचा तक्ता उघडला. मग एकेकाला विचारलं.

"अखिल, कठडा पाऊण मीटरचा आहे. टेपवर आठ मीटर आलं. पाणी जमिनीपासून किती खोल?"

"आठ पंचाहत्तर, मॅम."

"कठडा जमिनीच्या वर असतो की खाली?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. चेलनाला त्यांनी तिच्याच नावावरच्या प्रकरणातला एक परिच्छेद समजावायला सांगितला. ती पाण्याची बाटली उघडत-लावत राहिली. नवलला बोअरच्या विहिरीबद्दल विचारलं तेव्हा तो दहा मिनिटं बोलला. बोअर किती तास चालते, दर तासाला पाणी किती पडतं, सगळं. मॅडम टिपून घेत होत्या.

मग त्या पुनमकडे वळल्या. "प्रमुख तुम्ही. दहा फोटो पट्टीशिवाय आले. सहा महिने ते तुम्ही चालवून घेतलेत. का?"

"माझ्याकडे कामं खूप होती, मॅडम."

"कामं होती की सगळी कामं तुम्ही घेऊन ठेवली होती?"

मॅडमनी काहीतरी लिहिलं आणि पुढचा गट बोलावला.

निकाल लागला तेव्हा प्रोजेक्टमध्ये नवलला सगळ्यांत जास्त गुण होते. पुनमला त्याच्याहून बारा कमी. चेलना आणि अखिल दोघंही पास झाले. अखिल तर काठावर नाही, चांगले पाच गुण वर राहून पास झाला. त्या दिवशी पोर्चमध्ये तो पुनमजवळून गेला. "बघ," म्हणाला, "काय वाकडं झालं माझं?" आणि गाडीला किक मारून निघून गेला. पुनमला त्याच्यामागे दगड भिरकवावासा वाटला. नवल फाटकाजवळ उभा होता. तिनं हात केला. त्यानं मान किंचित हलवली आणि नशिराबादच्या रिक्षात बसला. ग्रुपवर मागितलेली माफी तिनं त्यालाही वेगळी पाठवली होती; तिच्यावर आजतागायत दोन निळ्या खुणा आहेत, उत्तर नाही.

आता ती धुळ्यात पाणीपुरवठ्याच्या सर्वेक्षणाचं काम करते. हाताखाली चार मुलं आहेत. कुणाला किती वाजता जमत नाही ते पहिल्या दिवशी विचारते, आणि का जमत नाही तेही विचारते. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाच्या दोन-दोन नोंदी स्वतः जागेवर जाऊन मोजते, न सांगता. मुलं मागून तिला शिव्या देतात. परवा एकानं तोंडावर विचारलं, "मॅडम, आमच्यावर भरवसा नाही का?"

"नाही," पुनम म्हणाली. "अजून नाही. टेप धर."

आणि ती कठड्यावरून वाकली.